वाकळ, ब्लँकेट आणि रात्री तीनचा घाम

जानेवारीतल्या एका सकाळी रेणापूरजवळच्या एका गावातले ६८ वर्षांचे आजोबा मुलाला सोबत घेऊन ओपीडीत आले. आयुष्य मोंढ्यात पोती वाहण्यात गेलेले, अंगाने काटक. रक्तदाबाची गोळी सोडली तर दुसरे काही नाही. तक्रार एकच. "डॉक्टरसाहेब, रातच्याला तीनच्या सुमाराला घामानं चिंब होतो बगा. पांघरून काढलं की हुडहुडी भरती. मग सकाळपस्तोर डोळा लागत न्हाई." मुलगा घाबरलेला होता. गावात कुणीतरी त्याला सांगितले होते की रात्रीचा घाम म्हणजे क्षय.

ही भीती अगदीच चुकीची नव्हती. रात्रीचा घाम ऐकला की आम्ही डॉक्टरही आधी तोच विचार करतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी अंगात बारीक कणकण, घटलेले वजन आणि रात्रीचा घाम, यातले काहीही असले तरी थुंकी तपासायची. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला रात्री दोन-तीनला घाम फुटला तर साखर खाली गेली आहे का ते त्याच क्षणी बोटाच्या थेंबावर बघायचे. ७० च्या खाली असेल तर दोष पांघरुणाचा नाही, गोळीचा किंवा उपाशी झोपण्याचा. थायरॉइड वाढलेला असला तर घाम येतो, पाळी जाण्याच्या वयात बायकांना येतो. आजोबांना यातले काही नव्हते. खोकला नव्हता, वजन स्थिर, साखर व्यवस्थित. थुंकी तपासायला दिली, छातीचा फोटो काढला. मग सहज विचारले, "अंगावर काय घेता?"

मुलाने कौतुकाने सांगितले. लातूरहून दोन ब्लँकेट आणली होती, ती मऊ, फरसारखी, फुलाफुलांची, 'मिंक' नावाने मिळतात ती. खाली फोमची गादी, तिच्यावर चकचकीत पॉलिएस्टरची चादर. "आणि आधी काय घेत होता?" आजोबा म्हणाले, "म्हातारीच्या हातची वाकळ. ती आता पेटीत हाय. पोराला वाटलं, जुनं कशाला."

तिथेच मला घामाचा सुगावा लागला. पण नुसत्या अंदाजावर 'ब्लँकेट टाका, वाकळ काढा' असे सांगणे मला पटत नाही. म्हणून मुलाला दोन छोटे डिजिटल तापमापी घ्यायला सांगितले. तापमान आणि हवेतली आर्द्रता दोन्ही दाखवणारे असे यंत्र काही शे रुपयांत मिळते. एक खोलीत भिंतीपासून दूर, बाजेच्या उंचीवर टांगायचे. दुसरे सुती पिशवीत घालून पांघरुणाखाली कमरेजवळ ठेवायचे, अंगाला चिकटवायचे नाही. रात्री दहा, एक, तीन आणि पाचला आकडे लिहायचे. मुलाने नातवाच्या शाळेच्या वहीत तीन रात्री ते लिहून आणले.

ती वही सांगण्याआधी त्यांच्या घराबद्दल थोडे सांगावे लागेल. खोली पत्र्याची आहे. आमच्या भागात हे सांगायला लागू नये, पण बाहेरचे वाचक विचारतात. पूर्वी इकडे माळवदाची घरे होती. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. अशा घरात थंडी हळू शिरते आणि दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत टिकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माणसे याच भिंतींखाली आणि याच मातीखाली झोपेत गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी त्या वेळी वैद्यकीय शिक्षण घेत होतो. त्यानंतर कितीतरी घरांत म्हातारी माणसे माळवदाखाली झोपायला तयार होईनात, आणि त्यांची भीती रास्तच होती. जिथे सिमेंटचे छत परवडले तिथे ते आले, बाकीच्यांनी पत्रा घातला. पत्रा पडला तरी माणूस वाचतो. मात्र पत्र्याला ऊब धरून ठेवता येत नाही. बालाघाटच्या या पठारावर हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. सूर्य मावळला की जुना, गंजलेला किंवा रंगवलेला पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकू लागतो आणि पहाटेपर्यंत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. खोली बंद असेल तर झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्यावर जमते आणि थेंब खाली टपकतात. 'पत्रा गळतोय' म्हणून भर थंडीत कुणी तक्रार केली तर ते गळणे पावसाचे नसते.

आता वही. पहिल्या रात्री सगळे नेहमीसारखे ठेवले होते. खोलीत रात्री दहाला १८ अंश, पहाटे पाचला १०. दोन ब्लँकेटांखाली रात्री दहाला, आजोबा नुकतेच आडवे झाले तेव्हा, २७ अंश. एक वाजता ३५. तीनच्या आधी साडेपस्तीस आणि आर्द्रता ८८ टक्के. सव्वातीनला आजोबांनी ब्लँकेट भिरकावले. तिथून पुढचे आकडे लिहिण्यात अर्थ नव्हता, ओल्या सदऱ्यावर १० अंशांची हवा लागत होती.

झोपेतल्या माणसाच्या अंगातून साधारण सत्तर-ऐंशी वॅट ऊब सतत बाहेर पडत असते. जुन्या काळी घरात लावायचो त्या पिवळ्या बल्बएवढी. पांघरूण स्वतः काही ऊब देत नाही, ही ऊब किती वेगाने बाहेर जाऊ द्यायची एवढेच ते ठरवते. शिवाय माणूस झोपेतही कातडीवाटे न दिसणारी वाफ सोडत असतो, रात्रभरात सुमारे चहाच्या कपाएवढे पाणी. हे पाणी कुठे तरी जायला हवे. झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये अनेकदा मोजून झाले आहे की चांगली झोप लागते तेव्हा अंग आणि पांघरूण यांमधली हवा साधारण ३२ ते ३४ अंश असते आणि तिच्यातली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास राहते. माझ्या मते झोपण्याच्या खोलीचे आदर्श तापमान विचारणाऱ्याने आधी हा आकडा लक्षात ठेवावा. खोलीची हवा नाकाला आणि चेहऱ्याला लागते, बाकीचे अंग राहते ते पांघरुणाखालच्या हवेत.

वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर येते की शयनगृह १६ ते १९ अंश असावे. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो ज्यांच्या घरात भिंतीत उष्णता देणारे यंत्र आहे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आहेत आणि वर जाड दुलई आहे त्यांच्यासाठी लिहिलेला आहे. तसे तापमान बेताचे ठेवून ते पांघरुणाने उरलेली कसर भरून काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड आणि समशीतोष्ण हवामानातल्या घरांसाठी हिवाळ्यात घरातली हवा किमान १८ अंश असावी असे म्हटले, ते झोप गाढ लागावी म्हणून नव्हे. थंड हवेत रक्तदाब वाढतो, दमा आणि जुना खोकला बळावतो, आणि याचा फटका म्हाताऱ्यांना व लहान मुलांना जास्त बसतो, म्हणून. आमच्या पत्र्याच्या खोलीत जानेवारीच्या पहाटे १८ अंश कुठून आणणार? आणि मे महिन्यात त्याच खोलीत रात्री अकरालाही पत्र्याखाली उभे राहवत नाही, तेव्हा १८ अंशांची गोष्ट कुणाला सांगायची?

आजोबांच्या घामाचे खरे कारण वेळेत होते. माणूस पांघरूण निवडतो रात्री दहाला. अंथरूण गार, पाय गार, म्हणून जेवढे हाताशी असेल तेवढे तो ओढून घेतो. पण शरीराचे वेळापत्रक वेगळे आहे. झोप लागण्याच्या सुमारास शरीर आतली ऊब हातापायांच्या कातडीकडे पाठवते आणि बाहेर सोडते, आतले तापमान हळूहळू उतरते. पाय ऊबदार असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले, त्याचे कारण हेच. म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरात शरीर ऊब बाहेर टाकायला बघत असते आणि नेमके तेव्हा आपण त्याला सर्वांत जास्त कोंडतो. उलट पहाटे चार-पाचला शरीराचे तापमान रात्रीतले सर्वांत कमी असते, खोलीही सर्वांत गार असते, आणि याच वेळी स्वप्नांची झोप जास्त येते. या झोपेत अंगाचे घाम आणण्याचे आणि कुडकुडण्याचे काम जवळजवळ थांबलेले असते. पांघरूण कमी पडले तर शरीराला झोपेतून जागे होऊनच स्वतःला सांभाळावे लागते. आजोबांच्या अंगावर दहाला गरजेपेक्षा जास्त होते आणि पहाटे काहीच नव्हते.

यात कापडाचा वाटा किती? कापूस ओल धरतो. साधारण हवेत कोरड्या सुती कापडात त्याच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी असते आणि ते कापड हाताला ओले लागत नाही. हवा दमट झाली की ते आणखी ओढून घेते. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. त्यामुळे अंगाची वाफ पॉलिएस्टरच्या चादरीत शिरत नाही, कातडीजवळच साठते आणि शेवटी थेंब होऊन कपड्याला लागते. लोकर कापसाच्याही पुढे आहे, तिच्यात वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी राहते. धनगराचे घोंगडे उघड्यावर, दवात का चालते, त्याचे एक कारण हे.

पण 'सुती चांगले, सिंथेटिक वाईट' एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. ऊब धरून ठेवते ती कापडात अडकलेली स्थिर हवा. मिंकच्या लवेत ती भरपूर असते, म्हणून ते एक-दीड किलोचे ब्लँकेट चार किलोच्या वाकळीएवढे गरम लागू शकते. ते लवकर वाळते. सुती पांघरूण एकदा घामाने किंवा मुलाच्या लघवीने भिजले की त्यातली हवेची जागा पाणी घेते आणि ते अंगाची ऊब खेचू लागते. त्या बाबतीत कापूस पॉलिएस्टरपेक्षा वाईट. म्हणून मी कुणाला ब्लँकेट फेकून द्यायला सांगत नाही. अंगाला लागून सुती आणि सर्वांत वर ब्लँकेट, एवढाच क्रम पाळायला सांगतो. एक अपवाद आहे. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ मिंक गुंडाळून बसू नये. पॉलिएस्टर पेटले की वितळून कातडीला चिकटते आणि ती भाजलेली जखम सुती कपड्याच्या जखमेपेक्षा खोल जाते.

वाकळीबद्दल लोकांची एक समजूत आहे, जितकी जड तितकी गरम. जड पांघरूण अंगावर नीट बसते, खांद्याच्या आणि मानेच्या फटी बुजवते, म्हणून ते गरम भासते हे खरे. पण ऊब येते जाडीतून. म्हातारीने लुगड्यांचे सात-आठ पदर एकावर एक ठेवून बारीक धावदोरा घातलेला असतो. नवी असताना त्या पदरांमध्ये हवा असते. वर्षानुवर्षे धुऊन, आपटून ते पदर एकमेकांना चिकटतात. वजन तेच राहते, ऊब कमी होते. कापसाच्या रजईचे तर उघडच आहे, म्हणून पूर्वी पिंजारी दारावर येत आणि कापूस पुन्हा पिंजून देत. वाकळ पिंजता येत नाही, पण तिला ऊन दाखवता येते. दुपारी चार तास दोरीवर टाकली, दोन्ही बाजूंनी झटकली की रात्रीची ओल निघते आणि पदर थोडे सुटतात. पेटीतून काढलेली वाकळ त्याच रात्री अंगावर घेऊ नये, ती ओल धरून बसलेली असते आणि गार लागते.

वजनाचा मनावर परिणाम होतो का, हा वेगळा प्रश्न. परदेशात हल्ली मुद्दाम जड केलेली पांघरुणे विकतात. स्वीडनमध्ये निद्रानाश आणि मानसिक आजार असलेल्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात सहा-आठ किलोच्या पांघरुणाने झोप सुधारलेली दिसली, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. पण कोणते पांघरूण जड आहे हे अंगावर घेणाऱ्याला कळतेच, त्यामुळे अशा प्रयोगात मनाच्या विश्वासाचा वाटा बाजूला काढणे अवघड असते. मला माझ्या रुग्णांमध्ये उलट धोका जास्त दिसतो. दम लागणारा रुग्ण, लकवा झालेली बाई, हातात जोर नसलेली आजी यांना चार किलोची वाकळ स्वतःहून बाजूला सारता येत नाही. यांना दोन हलकी पांघरुणे द्यावीत. आणि एक वर्षाच्या आतले मूल आईबरोबर जड वाकळीखाली मुळीच झोपवू नये. ते तोंडावरचे पांघरूण काढू शकत नाही, आणि जास्त तापलेले बाळ रडतेच असे नाही, कधी ते नुसते सुस्त पडून राहते. बाळाला कपड्यांचा एखादा थर जास्त घालावा, पांघरूण छातीच्या वर जाऊ देऊ नये. मानेमागे हात घालून बघावा. तिथे घाम लागला तर एक थर काढायचा. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचे नाही, ते बाळांचे असतातच.

दुसऱ्या रात्रीसाठी आजोबांना मी पांघरुणाआधी अंथरूण बदलायला सांगितले. त्यांची बाज नायलॉन पट्ट्यांची, खालून हवा मोकळी. अंगाच्या भाराने स्वस्त फोम पार दबतो आणि पाठीखाली फारशी जाडी उरत नाही. लोक वरून ब्लँकेटवर ब्लँकेट टाकतात, थंडी खालून येत असते. म्हणून एक वाकळ फोमच्या वर, त्यावर सुती चादर, अंगाला लागून धुतलेले जुने धोतर दुहेरी करून आणि त्यावर दुसरी वाकळ. अंगात सुती सदरा, पायात मोजे, डोक्याला मफलर, नाक उघडे. ब्लँकेट पायथ्याला घडी करून. खोलीत तेच साडेदहा-अकरा अंश. पांघरुणाखाली एक वाजता ३३ अंश, आर्द्रता ५८. तीनला ३३, आर्द्रता ६०. घाम नाही. पाचला मात्र ३० पर्यंत उतरले होते आणि आजोबांना पाय गार पडल्यामुळे जाग आली होती. तिसऱ्या रात्री तेच सगळे, फक्त आजोबा दोनला लघवीला उठले तेव्हा परत येऊन त्यांनी पायथ्याचे ब्लँकेट कमरेपर्यंत ओढले. पाचला ३२. साडेसहापर्यंत झोपले. एका माणसाच्या तीन रात्री म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळते. पण 'निजताना कमी, पहाटे जास्त' हे त्यांना आकड्यांवरून पटले, माझ्या सांगण्यावरून कदाचित पटले नसते.

त्या दोनच्या उठण्याबद्दलही बोललो. थंडीत लघवी जास्त होते. रक्तदाबाचा म्हातारा माणूस ३३ अंशांतून उठून थेट १० अंशांच्या अंगणात जातो, तेव्हा रक्तदाब एकदम वर जातो, आणि झपकन उठले तर आधी तो खालीही जातो. पडणे, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे यांचे रुग्ण मी पहाटे याच दिवसांत जास्त बघतो. बाजेच्या कडेला मिनिटभर बसायचे, उशाशी ठेवलेली शाल आणि चप्पल घालायची, मग बाहेर जायचे. जमत असेल तर खोलीतच भांडे ठेवायचे. यात लाज कसली.

मुलाने एक प्रश्न विचारला, तो दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतेच. "घमेल्यात निखारे ठेवून दार लावलं तर?" नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे नसते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तात प्राणवायूच्या जागी दोनशेहून अधिक पट घट्ट बसतो. सकाळी घरातल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखले, मळमळले, कुणी गुंगीत असले तर हाच संशय घ्यावा, सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे. बोटाला लावायच्या प्राणवायूच्या यंत्रावर आकडा ९८ दिसेल. त्यावर विश्वास ठेवू नये, त्या यंत्राला हा विषारी वायू आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही. पत्र्याखाली जुन्या साड्यांचे छत ताणून बांधले आणि बाज बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत घेतली तर निखाऱ्याशिवाय खोली थोडी तरी कमी गार लागते. वारा येतो त्या बाजूची फट बुजवावी, समोरची थोडी उघडी राहू द्यावी.

थुंकीचा अहवाल आला, त्यात क्षय नव्हता. फोटोही स्वच्छ होता. फेब्रुवारीत आजोबा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले तेव्हा वजन तेवढेच होते. ब्लँकेटचे काय केले म्हणून विचारले. एक नातवाने पळवले, म्हणाले, आणि दुसरे सुनेने उत्तरेकडच्या दाराला आतून टांगले आहे. मग पिशवीतून त्यांनी ती शाळेची वही काढली. नातवाला गणिताला हवी होती, पण आकड्यांची पाने फाडायची की ठेवायची, ते मला विचारायचे होते.